एका ओठावरचे तीन काळे रंग : थ्रेडिंग, क्रीम आणि ट्रिमर यांचं एक प्रकरण

ती पहिल्यांदा तपासायला आली तेव्हा नाकाखाली रुमाल धरूनच बसली होती. वय ३१, रंग सावळा, हनुवटीवर दोन-चार पुळ्या, बाकी चेहरा स्वच्छ. रुमाल बाजूला करायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं, "डॉक्टर, थ्रेडिंगनं माझा अप्परलिप काळा पडला, म्हणून क्रीम लावलं तर भाजलं, आणि आता ट्रिमर वापरते तर काळेपणा आणखी वाढला आणि केसही राठ झाले. तिन्ही करून झालं. आता मी करू काय?"

या तक्रारीत तीन उपायांवर तीन आरोप आहेत, आणि ते वेगवेगळे तपासावे लागतात. थ्रेडिंगचा डाग, क्रीमचा डाग आणि ट्रिमरनंतर दिसणारी काळी छटा आरशात सारखीच दिसते, पण एकीचं कारण दुसरीला लागू पडत नाही. म्हणून आधी मलम लिहून न देता मी तिला गेल्या दोन वर्षांचा क्रम विचारला.

आयब्रो आणि अप्परलिप ती सतराव्या वर्षापासून दोऱ्यानं करून घेत होती. सुरुवातीला महिन्यातून एकदा, पुढे दर बारा-पंधरा दिवसांनी, कारण "दोन दिवसांतच लव परत दिसायला लागायची." ओठाच्या वर काळपट रेघ दोन वर्षांपूर्वी जाणवायला लागली. ती मळ असेल असं वाटून तिनं रोज स्क्रब घासायला सुरुवात केली. हनुवटीच्या पुळ्यांसाठी दोन महिन्यांपासून ती रात्री अ‍ॅडापॅलिनचं जेल लावत होती आणि ते ओठाच्या वरपर्यंत पसरवत होती. मग एका रविवारी थ्रेडिंगला कंटाळून तिनं हातापायांसाठी आणलेलं केस काढायचं क्रीम ओठावर लावलं. ट्यूबवर पाच मिनिटं लिहिलेली होती. पाच मिनिटांनी पुसून पाहिलं तर थोडे केस शिल्लक होते, म्हणून परत थर दिला. एकूण बारा मिनिटं तरी झाली असतील. सातव्या-आठव्या मिनिटाला आग व्हायला लागली होती. "मला वाटलं, क्रीम काम करतंय." शेवटी ओल्या टॉवेलनं घासून पुसलं. दुसऱ्या दिवशी ओठाची डावी कड सोलवटली, पाणी सुटलं, खपली धरली. दहा दिवसांनी खपली पडली आणि खाली तपकिरी डाग राहिला. त्यानंतरचे सहा आठवडे दर तिसऱ्या दिवशी ट्रिमर.

पाळी नियमित होती, हनुवटीवर किंवा गळ्यावर जाड केस नव्हते, गर्भनिरोधक गोळ्या चालू नव्हत्या. या तिन्ही उत्तरांमुळे संप्रेरकांच्या तपासण्यांची गरज मला वाटली नाही. यांतलं एखादं उत्तर वेगळं असतं तर मी आधी तिकडे वळले असते.

मग मी तिला नको असलेलं काम सांगितलं : दहा दिवस ओठावर काहीही करायचं नाही. दोरा, ट्रिमर, क्रीम, स्क्रब आणि रात्रीचं जेलही बंद. फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. नुकतेच केस कापलेल्या ओठावर केसाची सावली कुठली आणि त्वचेचा रंग कुठला हे कळत नाही, म्हणून थोडे केस वाढू द्यावे लागतात.

दहा दिवसांनी भिंगाखाली पाहिलं तेव्हा तीन गोष्टी स्वच्छ वेगळ्या दिसल्या. डाव्या कडेला साधारण तुरीच्या दाण्याएवढा, कडा ठळक असलेला सपाट तपकिरी डाग होता. क्रीमचा थर जिथे सर्वांत जाड बसला आणि जिथे दोनदा पडला, नेमकी तीच जागा. ओठाच्या बाकी पट्ट्यावर, नाकाखालच्या खळगीतसुद्धा, केसांच्या मुळांभोवती बारीक तपकिरी ठिपके होते. लांबून ते एकत्र मिसळून रेघेसारखे दिसत. आणि या दोन्हींवर करडी छटा होती, ती मात्र केसांचीच.

ही तिसरी छटा केसांची आहे हे तिला नुसतं सांगून पटलं नसतं. म्हणून उजव्या बाजूला नखाएवढ्या जागेतले केस मी चिमट्यानं एकेक करून मुळासकट काढले आणि आरसा तिच्या हातात दिला. तेवढ्याच चौकोनातली करडी छटा गेली होती, तपकिरी ठिपके होते तसेच होते. आरशात बघत ती म्हणाली, "म्हणजे हे सगळं काळं झालेलं नाहीच?" तिच्या ओठाचा जो काळेपणा ट्रिमरमुळे वाढला असं तिला वाटत होतं, त्यातला बराच भाग कातडीच्या रंगाचा नव्हताच. ही परीक्षा घरीही करता येते. केस मुळासकट निघाल्यावर लालसरपणा उतरला की नीट पाहायचं. काळपटपणा तेव्हा गेला असेल तर तो केसांचा होता, राहिला असेल तर त्वचेचा.

वांग असण्याची शक्यताही मी तपासली, कारण वांग ओठाच्या वर बऱ्याचदा येतो आणि लोक त्याचं खापर थ्रेडिंगवर फोडतात. पण वांग बहुधा एकट्या ओठावर थांबत नाही. गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर त्याची सावली सापडते, आणि नाकाखालची खळगी तो अनेकदा मोकळी सोडतो. हिचे गाल-कपाळ स्वच्छ होते आणि ठिपके खळगीतही होते.

आता क्रीमबद्दल, कारण खरी इजा तिथेच झाली होती. या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचा क्षार असतो. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, त्या केराटिनचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी बांधलेले असतात. हा क्षार ते बंध तोडतो, केस जेलीसारखा मऊ होतो आणि पुसला जातो. क्रीमचा तो उग्र वासही गंधकाचाच. अडचण अशी की त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच असतो. क्रीमला केस आणि कातडी यांतला फरक कळत नाही. केस आधी विरघळतो आणि कातडी नंतर, आणि या दोहोंमधली जी काही मिनिटं असतात तेवढीच आपल्या हातात असतात. त्यातून क्षाराला काम करता यावं म्हणून क्रीम फार अल्कधर्मी ठेवावं लागतं. त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो, क्रीमचा बाराच्या आसपास.

तिच्या बाबतीत ही थोडीशी मुभाही संपलेली होती. रोजच्या स्क्रबनं वरचा थर घासला गेला होता, अ‍ॅडापॅलिननं तो आणखी पातळ आणि हळवा झाला होता, क्रीम चेहऱ्यासाठी नव्हतं आणि वेळ दुपटीहून जास्त झाली होती. यांतली एकच चूक झाली असती तर कदाचित नुसतं लाल होऊन भागलं असतं. सावळ्या त्वचेत मात्र अशी जखम बऱ्याचदा आपल्यामागे रंग सोडते. दाह झाला की रंगपेशी जास्त रंग बनवतात, आणि दाह जितका खोल तितका तो रंग खाली झिरपतो व हटायला वेळ घेतो. आग होणं ही क्रीम काम करत असल्याची खूण कधीच नसते. ती कातडीची तक्रार असते, आणि त्या क्षणी घड्याळात कितीही मिनिटं उरलेली असली तरी क्रीम धुऊन टाकायचं.

कड पूर्ण भरून यायला आणि त्वचा शांत व्हायला सहा आठवडे दिले. त्या काळात लागलंच तर फक्त ट्रिमर. मग आम्ही दोघींनी मिळून एक साधा प्रयोग ठरवला : आठ आठवडे ओठाच्या उजव्या अर्ध्यावर दोरा, डाव्या अर्ध्यावर ट्रिमर. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. फोटो एकाच खिडकीपाशी, सकाळी एकाच वेळी, त्याच मोबाइलवर काढायचे. केस काढण्याआधी, एका तासानं, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. क्रीम मी ओठावर लावूच दिलं नाही. तिचा आग्रह होता म्हणून चेहऱ्यासाठीचं क्रीम जबड्याच्या कडेला, कानाखाली, नाण्याएवढ्या जागेत लावून पाहिलं. तीन मिनिटांनी धुतलं तेव्हा हलका लालसरपणा आला आणि तासाभरात गेला. आठवड्यानं दुसऱ्या बाजूला पाच मिनिटं ठेवलं, तेव्हा चौथ्या मिनिटानंतर चुरचुरायला लागलं आणि लाली दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. तीन मिनिटांत लव जेमतेम निघाली होती. इतक्या अरुंद फरकावर ओठासारखी जागा सोपवावी असं मला वाटलं नाही, आणि फोटो पाहून तिलाही. शिवाय क्रीम केस कातडीच्या पातळीवर किंवा जरासा खालीच तोडतं, मूळ जागेवरच राहतं. म्हणजे केस परत येण्याच्या दृष्टीनं ते ट्रिमरपेक्षा फार तर दोन-चार दिवस पुढे.

दोऱ्याच्या बाजूचं पहिलं थ्रेडिंग तिनं नेहमीच्या ठिकाणीच केलं. तासाभरानं उजवा अर्धा लाल, मुळांभोवती टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे. दुसऱ्या दिवशी फुगवटे कमी झाले, पण तिसऱ्या दिवशी दोन पुळ्यांत पू धरला. आणि पाचव्या दिवशी केस परत! मुळापासून उपटलेला केस पाच दिवसांत वर येणं शक्य नाही. भिंगाखाली पाहिलं तर त्या केसांची टोकं बोथट होती. नव्यानं उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. म्हणजे दोऱ्यानं ते केस उपटले गेलेच नव्हते, त्वचेलगत तुटले होते. तिच्या दोन वर्षांच्या "दोन दिवसांत परत येतात"चं उत्तर इथे सापडलं. दर पंधरा दिवसांनी गेल्यामुळे बरेच केस दोऱ्याच्या पकडीत येण्याइतके लांबच नसत. ते तुटत, म्हणून लवकर दिसत, म्हणून ती आणखी लवकर जाई. आणि प्रत्येक वेळी त्याच मुळांभोवती थोडा दाह होऊन एक ठिपका गडद होई.

मी तिला तिथे काम कसं चालतं ते नीट बघून यायला सांगितलं. थ्रेडिंग करणाऱ्या ताई घाईत असत, त्वचा ताणायला सांगत नसत, एकाच जागेवरून दोरा चार-पाच वेळा फिरवत आणि दोऱ्याचं एक टोक दातांत धरत. दातांतला दोरा मला सर्वांत खटकला. नुकतीच उघडी झालेली मुळं आणि दुसऱ्याच्या तोंडातले जंतू यांची गाठ घालायचं काहीच कारण नाही. चपटे चामखीळसुद्धा एका चेहऱ्यावर दोऱ्याच्या रेघेत पसरलेले मी पाहिले आहेत.

दुसऱ्या वेळी तिनं स्वतःच चार गोष्टी मागून घेतल्या. केस चार आठवडे वाढू दिले, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर तरी झाले. आधी चेहरा धुऊन पूर्ण कोरडा केला. जीभ आतून ओठाला लावून त्वचा फुगवली आणि दोन बोटांनी कडा ताणून धरल्या. दोरा नवा, एक टोक मानेत अडकवलेलं, आणि प्रत्येक जागेवरून तो एकदाच, केसाच्या उगवत्या दिशेविरुद्ध. राहिलेले सात-आठ केस चिमट्यानं काढले. या वेळी लाली संध्याकाळपर्यंत उतरली, पू धरला नाही, आणि पहिले निमुळते केस सतराव्या दिवशी दिसले. दोरा तोच, ओठ तोच. फरक पद्धतीचा आणि मधल्या दिवसांचा.

डाव्या बाजूला ट्रिमरनं आठ आठवड्यांत एकदाही पुळी आली नाही. एकदा ओरखडा उठला, तो कोरड्या त्वचेवर ट्रिमर दाबून पुन्हा पुन्हा फिरवल्यामुळे. पण करडी छटा पहिल्याच दिवशी शिल्लक होती आणि तिसऱ्या दिवशी बोटाला खरखर लागत होती. ट्रिमर केस त्वचेच्या किंचित वर कापतो. उरतो तो खुंट, आणि त्याचा सर्वांत जाड भाग वर उघडा पडतो, कारण निमुळतं टोक कापलं गेलेलं असतं. केस राठ झाल्याचा भास होतो तो यामुळे. कापल्यानं केस जाड होत नाही, त्याची वाढ ठरते ती त्वचेखालच्या मुळात, आणि पात्याचा तिथपर्यंत हात पोचत नाही. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढी करून वाढलेले केस मोजून हे दाखवून दिलं होतं. तरी आईपासून मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलेली गोष्ट एका वाक्यानं जात नाही. म्हणून मी तिला सहा आठवडे ट्रिमर केलेल्या बाजूचा एक केस आणि दोऱ्याच्या बाजूचा एक केस शेजारी शेजारी भिंगाखाली दाखवले. बुंध्याची जाडी सारखीच होती.

आयब्रोचा प्रश्न सोपा निघाला. चौदा वर्षं तोच दोरा फिरूनही तिच्या भुवयांखाली काळेपणा नव्हता. तिथे केस काढायची रेघ अरुंद असते, आणि मुख्य म्हणजे तिथे तिनं कधी स्क्रब घासला नव्हता. तिथे दोराच चालू ठेवायला सांगितला, पापणीची कातडी सैल असते म्हणून दोन्ही बाजूंनी ताणून. ट्रिमर मधल्या चुकार केसांपुरता, कारण हात सरकला आणि भुवईत खाच पडली तर ती भरायला दोन ते चार महिने जातात. केस काढायचं क्रीम डोळ्याच्या इतक्या जवळ कधीच नाही.

आता उरले ठिपके आणि डाग. स्क्रब कायमचा बंद झाला. सकाळी एसपीएफ ३० चं, रंग असलेलं सनस्क्रीन दिलं. त्यातलं लोहाचं ऑक्साइड उन्हातला दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि सावळ्या त्वचेत डाग गडद करण्यात या प्रकाशाचा वाटा असतो. ओठ पुसला जातो, घाम येतो, चहा-पाणी होतं, म्हणून दुपारी पुन्हा लावायचं. रात्री अझेलाइक अ‍ॅसिडचं मलम, आधी एक दिवसाआड, कारण तेही थोडं चुरचुरतं. थ्रेडिंगच्या रात्री आणि दुसऱ्या रात्री ते नाही, अ‍ॅडापॅलिन फक्त हनुवटीपुरतं. केस काढण्यासाठी तिनं दोन्ही पद्धती जोडून घेतल्या : पाच आठवड्यांनी एकदा नीट थ्रेडिंग, मध्ये महत्त्वाचा दिवस आला तर ट्रिमर. पण ट्रिमर केल्यावर दोऱ्यापूर्वी तीन आठवडे तरी जाऊ द्यायचे, नाहीतर खुंट पुन्हा दोऱ्यात तुटतात.

मुळांभोवतीचे ठिपके तिसऱ्या महिन्यात फिके झाले आणि पाचव्या महिन्यात शोधावे लागले. डाव्या कडेचा क्रीमचा डाग मात्र हटवादी निघाला. तपकिरीचा तो पिंगट झाला, आठव्या महिन्यात निम्म्यावर आला, पण मध्यभागी किंचित करडी-निळसर झाक राहिली. रंग खालच्या थरात उतरला की तो असा दिसतो, आणि वरून लावलेलं मलम तिथवर फारसं पोचत नाही.

शेवटच्या भेटीत तिनं पर्समधून एक ट्यूब काढली. मैत्रिणीचा डाग त्यानं पंधरा दिवसांत गेला होता म्हणे. मागचं बारीक अक्षर आम्ही मिळून वाचलं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हे मिश्रण ठरावीक आठवड्यांसाठी, देखरेखीखाली वापरायचं औषध आहे. स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने लावलं तर स्टेरॉइड कातडी पातळ करतं, पुळ्या आणतं, आणि ज्या लवेपायी ती इथवर आली ती लवच वाढवतं. "म्हणजे परत थ्रेडिंग दर पंधरा दिवसांनी," ती म्हणाली आणि ट्यूब माझ्या टेबलावरच ठेवून गेली. कडेची ती झाक अजून आहे. पुढचा फोटो तीन महिन्यांनी, त्याच खिडकीपाशी.